फोटोतलं अंडं

अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून गडचिरोलीच्या दक्षिण भागात काम करताना माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यात जास्त साठलेले फोटो अंड्यांचे आहेत. ट्रेमधली अंडी, ताटलीत फोडलेली, उकडून सोललेली, तडकलेली, डाग पडलेली. फोटोखाली बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: "मॅडम, हे अंडे पोरांना देऊ का?"

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तराला जबाबदारी आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्याला १६ अंडी देण्याची तरतूद २०१६ साली झाली. अंडी आहार समितीने स्थानिक पातळीवर विकत घ्यायची. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात अंडी येतात दूरच्या फार्मवरून, ३० अंड्यांचा एक असे सात ट्रे भरलेल्या २१० च्या पेटीतून. चंद्रपूरहून आलापल्ली, तिथून तालुक्याचं गाव, आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून अंगणवाडीपर्यंत. फार्मवर अंडं कोणत्या दिवशी दिलं गेलं, हे सेविकेला कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, अंगणवाडीत फ्रीज नसतो. दर केंद्रावर जाऊन अंडं हातात घेऊन पाहणं मला शक्य नाही. म्हणून फोटो.

फोटोवरून काय कळतं आणि काय कळत नाही, हे मी या कामातच शिकले. सेविका आधी सगळ्यात जास्त फोटो कवचाचे पाठवायच्या, आणि अंडं किती जुनं आहे हे कवचावरून जवळजवळ काहीच कळत नाही. पांढरं असो की तपकिरी, चकचकीत असो की खडबडीत, तो कोंबडीचा गुण. पावसाळ्यात कवचावर फिकट, ओलसर दिसणारे ठिपके उमटतात, त्याचे फोटो हमखास येतात. कवचात ओल मुरली की तो भाग थोडा पारदर्शक होतो, एवढंच त्याचं कारण. अंडं त्याने बिघडत नाही. पण त्याच दिवसांत काळपट-हिरवट, लोकरीसारखे उठून दिसणारे ठिपके आले, तर ती बुरशी. ती कवचाच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, आणि असं अंडं उकडून द्यायचं नाही. दोन्ही फोटो लांबून सारखेच दिसतात. मी एकच गोष्ट करायला सांगते: कोरड्या फडक्याने हलकं पुसा आणि परत फोटो काढा. ओलीचा ठिपका जागचा हलत नाही, बुरशी फडक्याला लागते. पाण्याने मात्र धुवायचं नाही. कवचावर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो, तो धुण्याने जातो. शिवाय कोमट अंडं गार पाण्यात गेलं की आतला भाग आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं.

कवचाचा फोटो उपयोगी पडतो तो तड्यासाठी, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त फसवतो. केसासारखा बारीक तडा दिवसाच्या सरळ उजेडात दिसत नाही. त्यात व्हॉट्सॲपवरून येताना फोटो दाबला जातो आणि बारीक रेषा पुसल्या जातात. फ्लॅश मारला तर कवचावर पांढरा ठिपका चमकतो आणि नेमकी तीच जागा झाकली जाते. त्यामुळे "तडा नाही, फोटो पाहा" असं कुणी म्हटलं तरी मी त्यावर विसंबत नाही. दार लावून अंधार करायचा, बॅटरीचं तोंड अंड्याला टेकवायचं आणि अंडं सावकाश फिरवायचं. तडा असेल तर तिथे उजेडाची रेघ उमटते, नागमोडी, जणू कुणी आतून पेन्सिल ओढली आहे. हाच फोटो मला हवा असतो. काढताना मोबाइलच्या पडद्यावर अंड्याच्या उजळ भागाला बोट लावायचं, म्हणजे कॅमेरा उजेड कमी करतो. नाहीतर अख्खं अंडं पांढऱ्या गोळ्यासारखं येतं.

तड्याला दोन पायऱ्या आहेत. कवच तडकलं पण आतला पापुद्रा शाबूत, आणि कवचासोबत पापुद्राही फाटून पांढरं बाहेर आलं. दुसऱ्या प्रकारात शंका घ्यायलाच नको, ते अंडं गेलं. पहिल्या प्रकारात घरचा मोठा माणूस तेच अंडं त्याच दिवशी नीट शिजवून खाईल. अंगणवाडीत मात्र मी ते बाजूला काढायला सांगते. तडा केव्हा पडला हे कुणालाच माहीत नसतं, आणि तड्यातून आत गेलेल्या जंतूंना चाळीस अंशांच्या खोलीत वाढायला फार वेळ लागत नाही.

ट्रे उतरवून घेताना फोटो वरून काढला तर फक्त वरचा ट्रे दिसतो. मार खालच्या ट्रेला बसलेला असतो, आणि तोही अंड्याच्या खालच्या टोकाला. म्हणून ट्रे एकेक करून उचलायचा आणि कागदी लगद्याच्या खोबणीचा फोटो काढायचा. खोबणीत ओला, गडद डाग असेल तर त्या जागचं अंडं गळतंय. पुरवठादार समोर उभा असतानाच हा फोटो निघाला पाहिजे. दोन दिवसांनी काढलेल्या फोटोवर तो म्हणतो की अंडी तुमच्याकडेच फुटली, आणि त्याचे पैसे सेविकेच्या अंगावर येतात. असं झालेलं मी पाहिलं आहे. सेविकेचं मानधन केवढं असतं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हा फोटो किती महत्त्वाचा ते वेगळं सांगायला नको.

आता वयाबद्दल. अंडं जुनं होतं म्हणजे काय होतं, हे समजलं की फोटोत काय शोधायचं ते आपोआप कळतं. अंडं कोंबडीच्या अंगातून बाहेर येतं तेव्हा ते तिच्या अंगाइतकंच गरम असतं. थंड होताना आतला भाग आकसतो आणि रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. पुढे रोज थोडं पाणी छिद्रांतून उडून जातं आणि तेवढी पोकळी वाढते. त्याचबरोबर आतला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे पांढऱ्याचा अल्कधर्म वाढतो, आणि पिवळ्याभोवतीचं घट्ट पांढरं सैल होऊन पाण्यासारखं पसरतं. पिवळ्यावरचा पापुद्राही कमजोर होतो, म्हणून ते उभं न राहता चपटं होतं. हे सगळं गरमीत फार वेगाने घडतं. थंड जागी कित्येक आठवडे बरं राहणारं अंडं आमच्याकडच्या मे महिन्यात काही दिवसांतच म्हातारं दिसू लागतं.

ॲगमार्कच्या वर्गवारीत 'अ' दर्जाच्या अंड्यात ही पोकळी ४ मिलिमीटरपर्यंत खोल चालते, 'ब' दर्जात ८ मिलिमीटरपर्यंत. बॅटरी रुंद टोकाला लावली की पोकळीची कड सावलीसारखी दिसते. सेविकांना मी शिकवलं की ती कड शिसपेन्सिलीने कवचावर आखून घ्या, मग बाहेर उजेडात या, अंड्याशेजारी शाळेची फूटपट्टी धरा आणि फोटो काढा. अंधारातल्या धूसर फोटोपेक्षा ही पेन्सिलीची रेघ कितीतरी खात्रीची. एका ट्रेमधली चार-पाच अंडी अशी पाहिली की सगळ्या पेटीचा अंदाज येतो.

सगळ्यात चांगला फोटो मात्र उकडलेल्या अंड्याचा असतो, कारण त्यासाठी एकही अंडं वाया घालवावं लागत नाही. कच्चं अंडं फोडून पाहायचं म्हणजे एका मुलाचं अंडं कमी झालं. उकडलेलं तर रोज सोललं जातंच. सोललेल्या अंड्याच्या रुंद टोकाला एक खळगा असतो, तो म्हणजे हवेच्या पोकळीचा ठसा. ताज्या अंड्यात तो जेमतेम चपटा भाग असतो, जुन्यात बोटाचं टोक बसेल एवढा खोल. मग अंडं दोऱ्याने उभं कापायचं. पिवळं मधोमध असेल तर पांढरं अजून घट्ट होतं. एका बाजूला सरकून पांढऱ्याची भिंत कागदासारखी पातळ झाली असेल, तर अंडं जुनं होतं किंवा बराच काळ एकाच कुशीवर ठेवलेलं होतं. या दुसऱ्या शक्यतेमुळे नुसत्या सरकलेल्या पिवळ्यावरून मी निकाल देत नाही. खळगा आणि पिवळं दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच.

इथे दोन गैरसमज पुन्हा पुन्हा येतात. एक सोलण्याचा. "मॅडम, अंडे खराब निघाले जी, सोलताना सगळं पांढरं संगच निघून येते," असा फोन आला की मला उलट बरं वाटतं. कवचाला चिकटणारं अंडं ताजं असतं. जुनं अंडं सहज सोललं जातं, आणि एखाद्या केंद्रावर सगळीच अंडी गुळगुळीत सोलली गेलेली दिसली की मी खळगा पाहायला सांगते. दुसरा गैरसमज पिवळ्याभोवतीच्या हिरवट-राखाडी कडेचा. पालक तिला विष समजतात. अंडं फार वेळ उकळलं की पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्यापासून ती कड तयार होते. दिसायला वाईट, खायला निर्धोक. हिरव्या कडेमुळे पातेलंभर अंडी फेकून दिलेली मी पाहिली आहेत, तेव्हा फार वाईट वाटलं.

पिवळ्याच्या रंगाबद्दलही असंच. फिकट पिवळं म्हणजे शिळं आणि भगवं म्हणजे ताजं, असं लोक मानतात. तो रंग कोंबडीने काय खाल्लं त्याचा आहे: मका, हिरवा पाला, किडे. मोकळी हिंडणारी गावरान कोंबडी जंगलात चरते, म्हणून तिचं पिवळं गडद. फोटोत तर रंगावर मुळीच भरवसा नको. निळ्या ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत चांगलं पांढरं हिरवट दिसतं, पिवळ्या बल्बखाली तेच जुनाट दिसतं. म्हणून रंगाची शंका असेल तेव्हा फोटोत अंड्याशेजारी हजेरीपटाचं कोरं पान ठेवायला सांगते. पान हिरवट दिसलं तर दोष उजेडाचा. पान पांढरं आणि अंड्याचं पांढरं मात्र गुलाबी किंवा चकाकतं हिरवं, तर तो सूडोमोनाससारख्या जंतूंचा खुणेचा रंग आहे, आणि ते अंडं खड्ड्यात. किंचित धुरकट पांढरं मात्र ताजेपणाचं लक्षण, कारण कार्बन डाय-ऑक्साइड अजून आत आहे. पिवळ्याच्या दोन बाजूंच्या पांढऱ्या पिळदार दोऱ्याही सगळ्याच अंड्यांत असतात. त्या जाड दिसल्या म्हणजे किडे नव्हेत.

मध्यंतरी प्लास्टिकच्या अंड्यांचे व्हिडिओ फिरले तेव्हा तर पापुद्र्याचेच फोटो येऊ लागले. कुणी तो ताणून दाखवायचं, कुणी जाळून. कवचाच्या आतला पापुद्रा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो आणि जुन्या, सुकत गेलेल्या अंड्यात तो चिवट होतो, जळताना आक्रसतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही प्लास्टिकचं अंडं ही अफवाच असल्याचं स्पष्ट केलं आहे. पण आयांना हे फोनवर पटत नाही. अशा वेळी सेविकेने सगळ्यांसमोर एक अंडं फोडून भाजून स्वतः खाल्लं की पटतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते. भामरागड तालुक्यातल्या एका गावी जुलैत अंडी पोहोचली आणि लगेच झड लागली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे दरवर्षीचंच. त्या गावाकडे जाणारे नालेही भरले. अंगणवाडीत मुलं येईनात, ट्रे तसाच पडून राहिला. दहा-बारा दिवसांनी ऊन पडलं, रेंज आली आणि सेविकेचा निरोप आला. तिला ती अंडी फेकायची नव्हती, कारण नवी कधी येतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. द्यायलाही मन धजत नव्हतं.

मी तिला आधी ट्रेचा वरून फोटो मागितला. सगळी अंडी रुंद टोक वर करून ठेवलेली होती, हे तिने बरोबर केलं होतं. अशी ठेवली की हवेची पोकळी वर राहते आणि पिवळं तिच्यावर दाबलं जात नाही. मग अंधारात बॅटरी. तीन अंड्यांत तडे दिसले. एका अंड्यातून उजेड पारच जाईना, आतून नुसतं काळं, आणि कानाशी हलवलं तर पाण्यासारखं खळखळलं. ते न फोडता घरापासून लांब पुरायला सांगितलं, कारण असं अंडं फुटलं की दिवसभर वास जात नाही. उरलेल्यांपैकी एकाची पेन्सिल-रेघ फूटपट्टीशी धरली तेव्हा पोकळी ७ मिलिमीटर खोल निघाली.

मग एक अंडं सपाट ताटलीत फोडायला सांगितलं, आणि फोटो वरून नव्हे, ताटलीच्या पातळीवर डोळा नेऊन. पट्टी शेजारी उभी. वरून काढलेल्या फोटोत सगळीच पिवळी गोल दिसतात, उंची बाजूनेच कळते. तिचं पिवळं १४ मिलिमीटर उंच आणि ४६ मिलिमीटर रुंद भरलं. उंचीला रुंदीने भागलं तर ०.३०. ताज्या अंड्यात हा आकडा ०.४० च्या वर असतो. पांढरं ताटलीच्या कडेपर्यंत पसरलेलं, पिवळ्याभोवतीचं घट्ट कडं दिसत नव्हतं. म्हणजे अंडं जुनं होतं, यात वाद नाही. पण पिवळं फुटलं नव्हतं, आणि कोऱ्या पानाशेजारी पांढरं स्वच्छ दिसत होतं.

उरली ती गोष्ट फोटोत येत नाही. मी विचारलं, "ताई, नाकाशी नेऊन सांगा, वास कसा आहे?" ती म्हणाली, "काहीच नाही येत मॅडम, नेहमीसारखाच आहे." मी परत विचारलं आणि मदतनीस मावशींनाही वास घ्यायला लावला. एकाच नाकावर मी कधी निर्णय देत नाही.

तरीही यातून अंडं सुरक्षित आहे असं सिद्ध होत नव्हतं, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. साल्मोनेला असलेलं अंडं दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगलं असू शकतं. तो कवचावरच्या विष्ठेतून येतो किंवा अंडं तयार होतानाच आत गेलेला असतो. कितीही चांगल्या फोटोत तो दिसणार नाही, ताज्या अंड्याच्या फोटोतही नाही. त्याच्यावर उपाय एकच, पिवळं पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडणं. म्हणून ठरलं ते असं: उरलेली पंचवीस अंडी आजच उकडायची, उद्यावर टाकायची नाहीत. पाणी उकळू लागल्यावर १२ मिनिटं. अंडी हाताळलेले हात साबणाने धुऊन मगच सोलायला बसायचं. प्रत्येक अंडं आधी कापायचं, आत पाहायचं, मगच मुलाच्या ताटात. उकडलेली दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, आणि घरी डबा देऊन पाठवायचं नाही. कापताना एकाचं पिवळं कडेला काळपट दिसलं म्हणून तिने फोटो पाठवला. ती साधी हिरवी कड नव्हती, वासही वेगळा होता, ते काढून टाकलं. बाकीची मुलांनी खाल्ली. पुढचे तीन दिवस तिने घरोघरी विचारून कुणाला जुलाब-उलटी नाही हे मला कळवलं, आणि ते मी माझ्या वहीत लिहिलं.

पाण्यात बुडवून पाहण्याची युक्ती मी इथे का वापरली नाही, असं एका सहकारी ताईंनी विचारलं होतं. तरंगणारं अंडं जुनं, बुडून आडवं पडणारं ताजं, हे खरं आहे, कारण तेच पोकळीचं गणित. पण भिजलेलं अंडं परत ट्रेमध्ये ठेवता येत नाही, ते त्याच दिवशी संपवावं लागतं, आणि तडकलेल्या अंड्यात पाणी शिरतं. बॅटरीने तेच कळत असेल तर पाणी कशाला?

गावरान अंड्यांचा विषय वेगळा आहे. पेटी पोहोचत नाही तेव्हा समिती कधी कधी गावातूनच अंडी घेते, आणि ती चवीला चांगलीच असतात. फार्मच्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, म्हणून त्या अंड्यांत जीव धरत नाही. गावरान अंडी फलित असतात, आणि उन्हाळ्यात कोंबडी बसली नाही तरी नुसत्या खोलीच्या उष्णतेने आत वाढ सुरू होऊ शकते. खुडूक कोंबडीखालून काढलेली अंडी कुणी विकायला आणली तर विचारायलाच नको. यात एक फरक ओळखावा लागतो. फोडलेल्या अंड्यात पिवळ्यावर एकच लाल ठिपका असेल तर ती कोंबडीच्या पोटातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याची खूण. चमच्याच्या टोकाने काढून टाकावा, अंडं चांगलं आहे. बॅटरीच्या उजेडात मात्र मधल्या काळ्या ठिपक्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या, किंवा लाल कडं दिसलं, तर ते अंडं मुलांसाठी नाही. ज्या बाईने ते आणलं तिची फसवायची इच्छा असतेच असं नाही. तिच्या घरात ते परसात कुठेतरी सापडलेलं असतं आणि किती दिवसांचं आहे ते तिलाही ठाऊक नसतं. म्हणून मार्चनंतर गावरान अंडी घेताना प्रत्येक अंड्याला घेतानाच बॅटरी लावायची, आणि घेतलेल्या अंड्यावर पेन्सिलीने तारीख टाकायची, असं मी माझ्या बीटमधल्या सगळ्या सेविकांना सांगून ठेवलं आहे. आता जे फोटो येतात त्यांत कवचावर तारीख असते, आणि पुष्कळदा प्रश्नाच्या आधी त्यांचं स्वतःचं उत्तर लिहिलेलं असतं: "मॅडम, सहा मिलिमीटर, वास नाही, आज उकडतो."